दिवसाची बेरीज : अशक्त मूल, आजारी यकृत आणि पॅरासिटामॉल

पॅरासिटामॉलचा डोस मुलाच्या वजनावर ठरतो. निरोगी मुलासाठी एका वेळी किलोमागे १० ते १५ मिलिग्रॅम, दोन डोसांत किमान चार ते सहा तासांचे अंतर आणि चोवीस तासांत चारपेक्षा जास्त डोस नाहीत, हा हिशोब बहुतेक बालरोगतज्ज्ञांना पाठ असतो. किलोमागे १५ मिलिग्रॅमचे चार डोस झाले की बेरीज ६० होते, आणि किलोमागे दिवसाला ६० मिलिग्रॅम हीच सर्वसाधारण वापरातली कमाल मर्यादा आहे. काही देशांत ती ७५पर्यंतही नेली जाते. मूल कुपोषित असेल किंवा त्याचे यकृत आजारी असेल, तर ही मर्यादा खाली आणावी लागते. किती खाली, कोणत्या मार्गाने आणि किती दिवस, हे समजण्यासाठी आधी औषध शरीरात गेल्यावर त्याचे काय होते ते पाहावे लागते.

तोंडाने घेतलेले पॅरासिटामॉल आतड्यातून यकृतात पोहोचते आणि तिथे त्याची विल्हेवाट लागते. यकृताकडे त्यासाठी दोन मोठे रस्ते आहेत. एका रस्त्यावर औषधाच्या रेणूला साखरेपासून बनलेला ग्लुक्युरोनिक आम्लाचा तुकडा जोडला जातो, दुसऱ्यावर सल्फेटचा. दोन्ही रस्त्यांनी तयार झालेला पदार्थ निरुपद्रवी असतो आणि लघवीवाटे निघून जातो. लहान मुलांत सल्फेटचा रस्ता जास्त वाहता असतो, मोठ्यांत ग्लुक्युरोनिक आम्लाचा. औषधाचा थोडासा भाग, साधारण पाच ते दहा टक्के, तिसऱ्याच वाटेने जातो. तिथे एका विशिष्ट विकरामुळे त्याचा एक विषारी पदार्थ बनतो. त्याचे रासायनिक नाव लांबलचक आहे, म्हणून डॉक्टर त्याला ‘नॅपक्वी’ म्हणतात. नॅपक्वी तयार होतो तिथेच ग्लुटाथायोन नावाचा एक छोटा रेणू त्याला पकडतो आणि निकामी करतो. नेहमीच्या डोसात हे इतके चोख चालते की विषाचा पत्ताही लागत नाही.

बिघडते ते ग्लुटाथायोन संपत आल्यावर. अमेरिकेत जेरी मिचेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७३ साली उंदरांवरील प्रयोगांतून ही साखळी उलगडून दाखवली. ग्लुटाथायोनचा साठा मूळच्या साधारण तीस टक्क्यांखाली गेला की नॅपक्वी मोकळा राहतो, यकृताच्या पेशींमधल्या प्रथिनांना चिकटतो आणि पेशी मरू लागतात. म्हणजे धोका ठरवणाऱ्या बाबी दोन : विष किती बनते आणि ते पकडणारा साठा किती आहे. निरोगी मुलाच्या बाबतीत लक्ष पहिल्या बाबीकडे असते. कुपोषित किंवा यकृताचा आजार असलेल्या मुलाच्या बाबतीत दुसरी बाबही तितकीच महत्त्वाची ठरते.

ग्लुटाथायोन तीन अमिनो आम्लांपासून बनतो. त्यांपैकी सिस्टीन हे गंधकयुक्त अमिनो आम्ल शरीरात सर्वांत आधी कमी पडते. सिस्टीन आणि त्याचा पूर्वज मेथायोनीन ही दोन्ही प्रथिनयुक्त आहारातून येतात. अंड्यात ती भरपूर असतात, डाळींत तुलनेने कमी. कुपोषित मुलाच्या आहारात मुळात प्रथिनेच अपुरी असतात. जमैकातल्या संशोधकांनी सूज आलेल्या कुपोषित मुलांत, म्हणजे क्वाशिओरकोर झालेल्या मुलांत, रक्तपेशींमधले ग्लुटाथायोन कमी असल्याचे आणि ते बनण्याचा वेगही मंदावल्याचे दाखवले. सिस्टीन पुरवल्यावर तो वेग वाढला. यात आणखी एक गोष्ट सहसा लक्षात येत नाही. ज्या सल्फेटच्या रस्त्याने लहान मूल औषध निरुपद्रवी करते, त्या रस्त्याला लागणारे सल्फेटही याच गंधकयुक्त अमिनो आम्लांपासून मिळते. म्हणजे कुपोषणात सुरक्षित रस्ता अरुंद होतो आणि विष पकडणारा साठाही आटतो, आणि दोन्हींचे मूळ एकच असते. ग्लुक्युरोनिक आम्लासाठी यकृतातला साखरेचा साठा, म्हणजे ग्लायकोजन लागतो. तोही उपाशी मुलात रिकामा असतो.

यावरून हेही कळते की वर्षानुवर्षे कुपोषित असलेलेच मूल धोक्यात असते असे नाही. तापात दोन-तीन दिवस काहीच न खाल्लेले, वरून उलट्या होत असलेले एरवी धडधाकट मूलही तेवढ्या दिवसांपुरते याच गटात येते. औषधाची गरज नेमकी त्याच दिवसांत जास्त वाटते, हा या प्रश्नातला खरा पेच आहे.

यकृताच्या आजारात चित्र थोडे वेगळे असते. यकृताला जुना आजार आहे पण ते काम निभावून नेत आहे, अशा मुलात पॅरासिटामॉल रक्तात जास्त वेळ रेंगाळते. निरोगी माणसात रक्तातले औषध साधारण दोन ते अडीच तासांत निम्मे होते. सिरोसिसमध्ये हा काळ बराच लांबतो, कधी दुपटीपर्यंत जातो. विष बनवणारा रस्ता मात्र अशा यकृतात जास्त जोरात चालतो असे नाही, आणि ग्लुटाथायोनही सहसा अगदी संपलेले नसते. म्हणून ‘यकृताचा आजार आहे, पॅरासिटामॉल अजिबात नको’ हा घरोघरी ऐकू येणारा नियम बरोबर नाही. ते टाळून दिले जाणारे पर्याय बहुधा जास्त घातक असतात. आयब्युप्रोफेन आणि मेफेनॅमिक आम्ल यांच्यामुळे मूत्रपिंडाला होणारा रक्तपुरवठा कमी होतो आणि रक्तस्रावाचा धोका वाढतो. पोटात पाणी साठलेल्या किंवा अन्ननलिकेच्या शिरा फुगलेल्या मुलात यांपैकी कोणतीही एक गोष्ट महागात पडू शकते. ॲस्पिरिन तर मुलांच्या तापात, विशेषतः फ्लू आणि कांजिण्यांत, रायच्या आजाराच्या भीतीने वर्ज्यच आहे. त्यामुळे पॅरासिटामॉलच द्यायचे, फक्त मोजून.

मोजायचे म्हणजे नक्की किती, याला जगभर मान्य असलेला एकच आकडा नाही. मोठ्या माणसांच्या बाबतीत वापरातली प्रथा स्पष्ट आहे : निरोगी प्रौढाची चार ग्रॅमची मर्यादा सिरोसिसमध्ये बहुधा दोन ग्रॅमवर आणली जाते. जुने कुपोषण किंवा यकृताचा सौम्य, काबूत असलेला आजार असेल तर ती तीन ग्रॅमवर ठेवली जाते. मुलांसाठीचे तर्कशास्त्र हेच. ६०च्या तीन चतुर्थांश ४५ आणि निम्मे ३०. यकृताचा आजार काबूत असलेल्या, नीट जेवणाऱ्या मुलाला किलोमागे दिवसाला ४० ते ४५ मिलिग्रॅमपर्यंत जाता येते. गंभीर कुपोषण, अन्नपाणी बंद, किंवा दोन्ही कारणे एकत्र असतील तर ३०च्या वर न जाणे शहाणपणाचे. ३० आणि ४५ या आकड्यांच्या मागे मोठ्या चाचण्या नाहीत. साठ्याचा अंदाज आणि प्रौढांतला अनुभव यांवर उभी असलेली ही सावधगिरी आहे. म्हणून अंतिम आकडा त्या मुलाला तपासणाऱ्या डॉक्टरांनीच ठरवायचा असतो.

मर्यादा खाली आणण्याचे दोन मार्ग आहेत. एकेका डोसाचे प्रमाण कमी करता येते किंवा दोन डोसांतले अंतर वाढवता येते. पहिला मार्ग सोपा दिसतो, पण फारसा चांगला नाही. किलोमागे १० मिलिग्रॅमपेक्षा कमी डोस ताप किंवा वेदना नीट उतरवत नाही. मग आई दोन तासांनी आणखी थोडे पाजते, संध्याकाळी पुन्हा थोडे, आणि दिवसाची बेरीज ठरवलेल्या मर्यादेच्या वर जाते. म्हणून डोस कामापुरता, किलोमागे साधारण १० मिलिग्रॅम ठेवायचा आणि अंतर सहा तासांवरून आठ तासांवर न्यायचे, हे जास्त टिकणारे गणित आहे. दहाचे तीन डोस म्हणजे ३०. आठ तासांचे अंतर यकृताच्या आजारातही सोयीचे, कारण तिथे औषध रेंगाळत असते आणि त्याचा परिणामही जास्त वेळ टिकतो.

प्रत्यक्षात चूक कुठे होते हे एका उदाहरणाने पाहता येईल. समजा, मेळघाटातल्या एका गावात तीन वर्षांची एक मुलगी आहे. या वयाच्या मुलीचे वजन साधारण १४ किलो असते; हिचे ९ आहे. अंगणवाडीतल्या दंडघेराच्या पट्टीवर तिचा दंड ११.२ सेंटिमीटर भरतो. ११.५च्या खालचा आकडा म्हणजे तीव्र कुपोषण. तिला ताप आणि खोकला आहे, दोन दिवसांपासून ती पेजेशिवाय काही घेत नाही. घरात पॅरासिटामॉलची बाटली आहे, ५ मिलिलिटरमध्ये १२० मिलिग्रॅमची. वयावरून डोस सांगणाऱ्या ब्रिटिश पद्धतीच्या तक्त्यात दोन-तीन वर्षांच्या मुलाला १८० मिलिग्रॅम, दिवसातून जास्तीत जास्त चार वेळा, असे लिहिलेले असते. १८० मिलिग्रॅम म्हणजे या बाटलीतले साडेसात मिलिलिटर, बोलीभाषेत ‘दीड चमचा’. १४ किलोच्या मुलीला हे किलोमागे जवळपास १३ मिलिग्रॅम होते, अगदी बरोबर. ९ किलोच्या या मुलीला मात्र तोच दीड चमचा किलोमागे २० मिलिग्रॅम होतो. चार वेळा दिला तर दिवसाला ७२० मिलिग्रॅम, म्हणजे किलोमागे ८०. निरोगी मुलाची मर्यादाही यात ओलांडली गेली, आणि हे सगळे तक्ता तंतोतंत पाळून झाले.

आता त्यात खोकल्याचे औषध येते. सर्दी-खोकल्याच्या अनेक सिरपांत नाक मोकळे करणाऱ्या औषधाबरोबर पॅरासिटामॉलही असते. ते बाटलीवर बारीक अक्षरांत, घटकांच्या ओळीत लिहिलेले असते. ५ मिलिलिटरमध्ये १२५ मिलिग्रॅम असलेले असे सिरप तीन वेळा एकेक चमचा दिले तर ३७५ मिलिग्रॅमची भर पडते. एकूण १०९५, म्हणजे किलोमागे दिवसाला सुमारे १२२ मिलिग्रॅम. सहा वर्षांखालच्या निरोगी मुलांसाठी विषबाधेचे तज्ज्ञ जे उंबरठे वापरतात ते असे : एका दिवसात किलोमागे २००, सलग दोन दिवस दररोज १५०, किंवा सलग तीन दिवस दररोज १००. यापलीकडे गेलेल्या मुलाला दवाखान्यात नेऊन तपासायचे असते. या मुलीने तिसऱ्या दिवशी तो उंबरठा ओलांडला, आणि हा उंबरठा तिच्यासारख्या रिकाम्या साठ्याच्या मुलांसाठी आखलेलाच नाही. तिच्यासाठी तो आणखी अलीकडे आहे.

बाटली बदलण्याने होणारी चूक तर याहून वाईट. भारतात पॅरासिटामॉलचे सिरप ५ मिलिलिटरमध्ये १२० किंवा १२५ मिलिग्रॅमचे मिळते, तसे २५० मिलिग्रॅमचेही मिळते. तान्ह्या बाळांचे थेंब तर एका मिलिलिटरमध्येच १०० किंवा १५० मिलिग्रॅमचे असतात. पहिली बाटली संपली, दुकानातून २५०ची आणली आणि दीड चमचा तसाच चालू राहिला, तर एका वेळी ३७५ मिलिग्रॅम आणि दिवसाला १५०० मिलिग्रॅम जाते. नऊ किलोला हे किलोमागे १६७ होते. दोनच दिवसांत वरचा दुसरा उंबरठा पार. या सगळ्यात कोणी ‘जास्त’ दिले असे घरातल्या कोणालाच वाटत नाही. म्हणून डॉक्टरांनी ‘पॅरासिटामॉल किती दिले?’ असे विचारून भागत नाही. घरातल्या सगळ्या बाटल्या आणायला सांगाव्या लागतात आणि त्यांच्यावरचे आकडे वाचावे लागतात.

बरोबर हिशोब या मुलीसाठी असा मांडता येतो. वजन ९ किलो, डोस किलोमागे १० म्हणजे ९० मिलिग्रॅम. आठ तासांनी एकदा, दिवसातून तीनदाच : एकूण २७०, किलोमागे ३०. १२० मिलिग्रॅमच्या बाटलीत ९० मिलिग्रॅम म्हणजे पावणेचार मिलिलिटर. २५०च्या बाटलीत १.८, आणि १०० मिलिग्रॅमच्या थेंबांत ०.९ मिलिलिटर. पावणेचार मिलिलिटर घरातल्या चमच्याने मोजता येत नाही, कारण घरातले चमचे ५ मिलिलिटरचे असतातच असे नाही. सुई नसलेली ५ मिलिलिटरची सिरिंज देऊन तिच्यावर खूण करून दिली की हा प्रश्न सुटतो. खोकल्याचे सिरप पूर्ण बंद. दोन दिवसांनी ताप तसाच असेल तर औषध पुढे रेटायचे नाही. मुलीला पुन्हा तपासायचे.

वजनाबाबत आणखी एक फसगत होते. कुपोषित मुलाच्या पायांवर सूज असेल, किंवा यकृताच्या आजारात पोटात पाणी झालेले असेल, तर काट्यावर दिसणाऱ्या वजनात पाण्याचाही वाटा असतो. पाणी औषध हाताळत नाही. अशा मुलाचा डोस सूज नसतानाच्या अंदाजी वजनावर काढावा लागतो. सूज उतरल्यावर वजन एकदम एक किलो कमी झाले तर त्या मुलाची प्रकृती बिघडली असे नाही. पण आधीचा डोस मात्र त्याला जास्तच होता, हे त्या आकड्यातून दिसते. दुसरीकडे, वजन न करता वयावरून अंदाज बांधणे हे कुपोषित मुलाच्या बाबतीत सर्वांत चुकीचे, कारण कुपोषण म्हणजेच वय आणि वजन यांची फारकत.

यकृताच्या आजाराचे उदाहरण वेगळ्या वळणाचे आहे. काही बाळे पित्तनलिका जन्मतः बंद झालेली घेऊन येतात. त्यांच्यावर पहिल्या दोन-तीन महिन्यांत कसाई शस्त्रक्रिया केली जाते. मोरिओ कसाई या जपानी शल्यविशारदाच्या नावाने ती ओळखली जाते. तिच्यात यकृताला थेट आतड्याचा तुकडा जोडून पित्ताला वाट करून देतात. अशी शस्त्रक्रिया झालेला चार वर्षांचा, १२ किलोचा मुलगा घ्या. तो खेळतो, खातो, त्याच्या डोळ्यांत कावीळ नाही, रक्त गोठण्याची चाचणी ठीक आहे, अल्ब्युमिन ठीक आहे. याला दात दुखल्यावर किंवा लसीनंतर अंग गरम झाल्यावर किलोमागे १० मिलिग्रॅम, म्हणजे १२० मिलिग्रॅम, सहा ते आठ तासांनी देता येते. सहा तासांनी दिले तरी दिवसाची बेरीज किलोमागे ४० होते.

याच मुलाला कारण नसताना १०२ ताप आला तर प्रश्न डोसाचा राहत नाही. कसाई शस्त्रक्रियेनंतर आतड्यातले जंतू पित्तमार्गात चढू शकतात, आणि ताप हे त्याचे पहिले, कधीकधी एकमेव लक्षण असते. असा ताप पित्तमार्गाचा संसर्ग आहे असे धरूनच मुलाला रुग्णालयात न्यावे लागते. पॅरासिटामॉलने ताप उतरला म्हणून एक दिवस वाट पाहणे ही इथली नेहमीची चूक आहे. कुपोषित मुलात याची उलटी बाजू दिसते. गंभीर संसर्ग असूनही त्याला ताप येतच नाही, उलट अंग थंड पडते. त्यामुळे तीव्र कुपोषित मुलाला ताप आलाच तर तो संसर्गाचा पुरावा मानून प्रतिजैविके सुरू करायची असतात, आणि ताप उतरवणारे औषध शक्य तितके मोजके द्यायचे. पोषण पुनर्वसन केंद्रांत अशा मुलाचे तापमान, साखर आणि दूध यांच्यावर जितके लक्ष असते तितके तापाच्या औषधावर नसते, ते याच कारणाने.

यकृत निकामी होत चालले असेल तर मात्र मर्यादेचा हिशोबच उरत नाही. डोळे पिवळे आणि मूल सुस्त, दिवसा झोप आणि रात्री जाग, हिरड्यांतून रक्त, रक्त गोठण्याची चाचणी लांबलेली, पोट पाण्याने भरलेले : अशा मुलाला घरी एक चमचाही देऊ नये. द्यायचे की नाही हे यकृततज्ज्ञ ठरवतात. येथे एक गैरसमज दूर करणे गरजेचे आहे. यकृताच्या तपासणीत ‘एसजीपीटी’ नावाचा आकडा वाढला की पालक घाबरतात, पण तो पेशी फुटत असल्याचे सांगतो. यकृत काम किती करते ते सांगत नाही. काम सांगतात ते रक्त गोठण्याचा वेळ, अल्ब्युमिन आणि बिलिरुबिन. जुन्या आजारात एसजीपीटी थोडे वाढलेले पण बाकी तिन्ही ठीक, असा मुलगा वरच्या ४०च्या गटात बसतो. एसजीपीटी जवळपास सामान्य पण गोठण्याचा वेळ लांबलेला, असा मुलगा त्या गटात मुळीच बसत नाही.

आपल्याकडच्या नेहमीच्या काविळीत, म्हणजे दूषित पाण्यातून येणाऱ्या हिपॅटायटिस ए मध्ये, ताप सहसा कावीळ दिसण्याच्या आधी येतो आणि डोळे पिवळे होईपर्यंत उतरलेला असतो. त्यामुळे औषधाची गरज फार थोडे दिवस असते. त्या थोड्या दिवसांत मूल ओकत असते, खात काहीच नसते. म्हणून त्याला कुपोषित मुलाचीच खालची मर्यादा लावणे योग्य.

सोबत चालू असलेली औषधेही हिशोबात धरावी लागतात. क्षयाच्या उपचारातले आयसोनियाझिड, फिटांसाठी दिली जाणारी फेनिटोइन, कार्बामाझेपिन आणि फेनोबार्बिटल ही औषधे पॅरासिटामॉलच्या विल्हेवाटीत ढवळाढवळ करतात. त्यांमुळे विषाच्या वाटेने जाणारा भाग वाढू शकतो. कुपोषण आणि क्षय पुष्कळदा एकाच मुलात भेटतात, आणि पित्त तुंबलेल्या मुलांची खाज कमी करायला फेनोबार्बिटल किंवा रिफाम्पिसिन वापरतात. म्हणजे ज्यांचा साठा आधीच कमी, त्याच मुलांत विष जास्त बनण्याची शक्यता. दोन कारणे एकत्र आली की ४५ नाही, ३०, असा साधा संकेत रुग्णालयात उपयोगी पडतो.

शिरेतून देण्याचे पॅरासिटामॉल तोंडाने घेता न येणाऱ्या मुलांसाठी असते आणि त्याचे नियम जास्त कडक आहेत. दहा किलो किंवा त्याहून कमी वजनाच्या बाळाला एका वेळी किलोमागे साडेसात मिलिग्रॅम आणि दिवसाला ३० ही मर्यादा उत्पादकांच्या माहितीपत्रकातच असते. जुने कुपोषण आणि शरीरातले पाणी कमी होणे यांचा उल्लेखही त्यात सावधगिरीच्या यादीत केलेला असतो. या द्रावणाच्या एका मिलिलिटरमध्ये १० मिलिग्रॅम औषध असते. ९ किलोच्या मुलीला ६७.५ मिलिग्रॅम हवे, म्हणजे पावणेसात मिलिलिटर. लिहिणाऱ्याने ‘६७.५’ एवढेच लिहिले आणि देणाऱ्याने ते मिलिलिटर समजले, तर दहापट औषध जाते. म्हणून या औषधाच्या कागदावर मिलिग्रॅम आणि मिलिलिटर दोन्ही लिहिण्याची शिस्त पाळतात.

जास्त औषध गेले हे ओळखणे अवघड, कारण पहिल्या दिवशी मूल जवळजवळ नेहमीसारखेच दिसते. मळमळ, उलट्या, भूक जाणे आणि सुस्ती ही सुरुवातीची लक्षणे ज्या तापासाठी औषध दिले त्याचीच वाटतात. उजव्या बरगडीखाली दुखणे, कावीळ, अंगावर निळे डाग, रक्तातली साखर घसरणे हे पुढच्या एक-दोन दिवसांत दिसते. एसजीपीटी साधारण एका दिवसाने चढू लागते. एकाच वेळी जास्त औषध घेतलेल्या रुग्णासाठी डॉक्टर १९७५ साली प्रसिद्ध झालेला रुमॅक आणि मॅथ्यू यांचा आलेख वापरतात. त्यात औषध घेतल्याची वेळ आणि रक्तातली पातळी यांवरून उताऱ्याची गरज ठरते. दिवसेंदिवस थोडे-थोडे जास्त मिळालेल्या मुलासाठी हा आलेख चालत नाही, कारण सुरुवातीची एक वेळच ठरवता येत नाही. तिथे दोनच गोष्टी पाहतात : रक्तात अजून औषध आहे का, आणि एसजीपीटी वाढली आहे का. यांपैकी एक जरी ‘हो’ निघाली तरी उतारा सुरू करतात. उतारा म्हणजे एन-ॲसिटिलसिस्टीन. नावातच सिस्टीन आहे. यकृताला ग्लुटाथायोन बनवायला जे कमी पडते तेच शिरेतून पुरवले जाते. १९७० च्या दशकात एडिनबरामध्ये लॉरी प्रेस्कॉट यांच्या कामातून तो रूढ झाला. कुपोषित मुलाला उतारा देताना साखर आणि पाणी यांवर दुप्पट लक्ष ठेवावे लागते, कारण द्रावणाचे प्रमाण मोठ्या माणसाप्रमाणे ठेवले तर अशक्त हृदयाला ते पेलत नाही.

खाली आणलेली मर्यादा कायमची नसते. पोषण केंद्रात मुलाची सूज उतरते, भूक परत येते, दुधाच्या आहारावर वजन रोज चढू लागते, तसतसा ग्लुटाथायोनचा साठाही भरत जातो. वजन-उंचीचे प्रमाण सुधारल्यावर मूल नेहमीच्या मर्यादेकडे नेता येते, पण हिशोब प्रत्येक वेळी नव्या वजनावर नव्याने करावा लागतो. यकृताच्या जुन्या आजारात असे परतीचे टोक बहुधा नसते; तिथे दर तपासणीला गोठण्याचा वेळ आणि अल्ब्युमिन पाहून मर्यादा पुन्हा ठरते. घरी जाताना पालकांच्या हातात दिलेल्या कागदावर ‘पॅरासिटामॉल, गरजेप्रमाणे’ एवढे लिहिणे अशा मुलासाठी अपुरे आहे. बाटलीवरचा आकडा, मिलिलिटरमधला डोस, दोन डोसांतले किमान तास, दिवसातल्या डोसांची कमाल संख्या आणि किती दिवसांनी परत यायचे, एवढे त्यावर असावे लागते. त्या नऊ किलोच्या मुलीच्या कागदावर ते असे दिसेल : १२० मिलिग्रॅमची बाटली, पावणेचार मिलिलिटर, आठ तासांच्या आत पुन्हा नाही, दिवसात तीनच वेळा, दोन दिवसांनी तपासणी, खोकल्याचे सिरप बंद.